मुली तिसऱ्या टप्प्यावर, मुलगे चौथ्या? कोहलबर्गची मुलाखत मराठीत घेताना

प्रश्न: मी मुंबईत एम.ए. मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी कोहलबर्गची हाइन्झची गोष्ट, म्हणजे मरणाऱ्या बायकोसाठी नवऱ्याने औषध चोरावं का हा पेच, मराठीत करून १०, १३ आणि १६ वर्षांच्या मुलामुलींना विचारली. कोहलबर्गच्या नैतिक विचाराच्या सहा टप्प्यांपैकी १६ वर्षांचे बरेचसे मुलगे चौथ्या टप्प्यावर आले, मुली मात्र तिसऱ्यावरच. मुली खरंच मागे आहेत, की मानसशास्त्रज्ञ कॅरल गिलिगन म्हणते तसं मोजमापच पुरुषी आहे? आणि ‘घरच्यांचं कर्तव्य’, ‘पाप लागेल’ अशी उत्तरं कुठे बसवायची?

उत्तर:

मुलींचा विचार करण्याआधी मुलग्यांचा आकडा तपासा, कारण शंका तिथेच येते. कोहलबर्गने १९५८ च्या प्रबंधासाठी शिकागो परिसरातले १०, १३ आणि १६ वर्षांचे ७२ मुलगे घेतले होते. मुलगी एकही नव्हती. त्यांतल्या ५८ जणांच्या मुलाखती पुढे वीस वर्षं, दर तीन-चार वर्षांनी पुन्हा घेतल्या गेल्या आणि त्यांचा निष्कर्ष १९८३ मध्ये कोल्बी आणि सहकाऱ्यांनी छापला. त्यात दहाव्या वर्षी पहिला आणि दुसरा टप्पा मोठ्या प्रमाणात दिसतो, पौगंडावस्थेत तिसरा वर येतो, आणि पूर्ण चौथा टप्पा बहुसंख्यांमध्ये दिसायला छत्तिशी उजाडते. तेव्हाही तो ६२ टक्क्यांतच होता. पाचवा टप्पा तर प्रौढांतही मोजक्यांनाच मिळाला, आणि सहावा पुढे गुणांकनाच्या पुस्तिकेतून काढूनच टाकला. अशा स्थितीत तुमचे सोळा वर्षांचे बरेचसे मुलगे चौथ्या टप्प्यावर येत असतील, तर मुंबईची मुलं शिकागोच्या वीस वर्षं पुढे आहेत असं मानण्यापेक्षा गुणांकन चुकलं असं मानणं जास्त शहाणपणाचं.

ही चूक बहुतेक वेळा एकाच पद्धतीने होते. उत्तरात ‘कायदा’ हा शब्द आला की चौथा टप्पा आणि ‘आई’ किंवा ‘घर’ आलं की तिसरा, अशी मनातल्या मनात खूणगाठ बसते. टप्पा मात्र उत्तराच्या विषयावरून ठरत नाही. त्या विषयाला धरून मूल कारण कसं बांधतं, त्यावरून ठरतो. चोरी करावी की करू नये, याला तर गुणच नाहीत.

‘आई’ हाच विषय घेऊन बघा. दहा वर्षांचं मूल म्हणतं, “नाही करायचं, आई मारेल.” हा पहिला टप्पा: चूक म्हणजे ज्याला शिक्षा होते ते. “आई माझं सगळं करते, म्हणून मी तिचं करायचं, उद्या मलाच लागेल,” हा दुसरा. इथे हिशेब आहे, पण तो दोघांच्या देवाणघेवाणीचा आहे. “आईला किती वाईट वाटेल, चांगला मुलगा असं करत नाही,” हा तिसरा. समोरच्याचं मन आणि नात्यातली आपली प्रतिमा हाच निकष झाला. “प्रत्येकाने आपल्या वाट्याचं केलं तरच घर उभं राहतं, मी टाळलं तर उद्या कुणी कुणाच्या भरवशावर राहायचं,” यात आई हीच असली तरी विचार चौथ्या टप्प्याकडे गेला आहे, कारण बोलणारा आता एका नात्याबद्दल बोलत नाही, ज्या व्यवस्थेवर सगळी नाती टिकतात तिच्याबद्दल बोलतो आहे. आणि “आई म्हणते म्हणून कुणाच्या जिवाचा हक्क कमी होत नाही, आपण सगळ्यांनी नियम मान्य केले ते मुळात जीव वाचावेत म्हणूनच,” असं कुणी मांडलं तर ते पाचव्याच्या दिशेने आहे. ‘कायदा’ या शब्दाचीही अशीच शिडी होते. “कायद्याने गुन्हा आहे, पोलीस पकडतील,” हे वाक्य ऐकायला भारदस्त आहे, पण ते पहिल्या टप्प्याचं आहे.

आता एक नमुना शेवटपर्यंत सोडवून बघू. मराठी गोष्टीत हाइन्झचा सदाशिव झाला आहे आणि त्याच्या बायकोला कर्करोग आहे. औषध बनवायला वीस हजार लागतात, बनवणारा दोन लाख मागतो आणि सदाशिवकडे एक लाखच जमले आहेत. (मूळ गोष्टीत २००, २,००० आणि १,००० डॉलर आहेत. आकडे बदलले तरी हे प्रमाण तसंच ठेवा, कारण नफेखोरी किती मोठी आहे यावर उत्तरं हलतात.) सोळा वर्षांचा मुलगा म्हणतो, “चोरी करू नये, कायद्याने गुन्हा आहे.” तुम्ही विचारता, “कायदा का पाळायचा?” तो म्हणतो, “नाही पाळला तर जेल होते, मग बायकोकडे कोण बघणार? फायदा काय?” हा दुसरा टप्पा. त्याच वयाची मुलगी म्हणते, “चोरी करावी, बायको आहे ती त्याची.” इथे थांबलात तर तिसरा. तुम्ही विचारता, “आणि बायकोवर प्रेम नसेल तर?” ती म्हणते, “तरीही. लग्न करताना शब्द दिला होता. मन उडालं की जबाबदारी संपली असं सगळेच म्हणायला लागले तर लग्नाला अर्थ काय राहिला?” प्रेमाचा आधार काढून घेतला तरी तिचं कारण उभं राहिलं, आणि ते एका जोडप्यापुरतं नाही, विवाह नावाच्या संस्थेबद्दल आहे. हे चौथ्या टप्प्याचं कारण आहे. पहिल्या वाक्यावर गुण दिले असते तर मुलगा चौथा, मुलगी तिसरी. एकेक प्रश्न पुढे गेल्यावर क्रम उलटला.

म्हणून पहिलं “का” पुरत नाही. दर मुद्द्यावर निदान तीनदा खाली उतरावं लागतं, आणि खाली नेणारे प्रश्न ठरलेले असावेत. आधी नातं काढून घ्या: “ती अनोळखी बाई असती तर?” मग शिक्षा काढून घ्या: “कुणाला कधीच कळणार नसेल तर?” मग व्याप्ती वाढवा: “सगळ्यांनीच असं केलं तर?” हे प्रश्न सर्व मुलांना त्याच क्रमाने आणि त्याच शब्दांत विचारायला हवेत. मुलग्यांशी वाद घातल्यासारखं बोलून त्यांना दोन “का” जास्त विचारायचे आणि मुलींचं उत्तर गोड वाटलं म्हणून मान डोलवून पुढे जायचं, हे मुलाखत घेणाऱ्याच्या नकळत होतं. ध्वनिमुद्रणं ऐकून प्रत्येक मुलाखतीतले तुमचे “का” मोजा. मुलग्यांची आणि मुलींची सरासरी वेगळी निघाली तर तुमच्या फरकाचा बराच भाग तिथेच सापडेल.

मराठीत आणखी दोन सापळे आहेत. एक म्हणजे ‘करावं का’ आणि ‘करेल का’ यांची सरमिसळ. “सदाशिव चोरी करेल का?” हा अंदाजाचा प्रश्न आहे. लहान मुलं तर ‘करावी का’ असं विचारलं तरी “करेलच ना, त्याची बायको आहे,” असं अंदाजाचं उत्तर देतात. अशा उत्तराला गुण देऊ नयेत. “करेल हे कळलं, पण तसं करणं बरोबर आहे का?” असं विचारून पुन्हा उत्तर घ्यायचं. दुसरा सापळा व्याकरणाचा. गुणांकन करणाऱ्याला मूल मुलगा आहे की मुलगी हे कळू नये, म्हणून नाव झाकतात. इंग्रजीत तेवढं पुरतं. मराठीत “मी त्याच्या जागी असते तर” किंवा “मी सांगतो” म्हटलं की क्रियापदच लिंग सांगून मोकळं होतं. त्यामुळे टंकलेखन करतानाच अशी वाक्यं “मी त्याच्या जागी असल्यास”, “माझं म्हणणं असं” अशा रूपांत बदलून घ्या, आणि मूळ प्रत बाजूला ठेवा. मग निदान एक चतुर्थांश मुलाखती अशा व्यक्तीकडून तपासून घ्या, जिला मुलाचं वय आणि लिंग दोन्ही माहीत नाही.

एकच टप्पा लिहून टाकण्याऐवजी भारित सरासरीही काढा. मुलाच्या गुण मिळालेल्या कारणांपैकी ५० टक्के तिसऱ्या आणि ५० टक्के चौथ्या टप्प्याची असतील, तर १५० अधिक २०० म्हणजे ३५०. मुलं एका टप्प्यावर उभी नसतात, बहुधा लगतच्या दोन टप्प्यांत पसरलेली असतात, आणि ते या आकड्यात दिसतं.

आता गिलिगन. तिची तक्रार वाऱ्यावरची नव्हती. पियाजेने १९३२ मध्येच लिहिलं होतं की नियमांची जाण मुलींमध्ये मुलग्यांपेक्षा कमी विकसित असते, आणि १९६९ मध्ये कोहलबर्ग व क्रेमर यांनी तिसरा टप्पा गृहिणींच्या आणि आयांच्या भूमिकेला पुरेसा असतो असं सुचवलं होतं. त्या काळची गुणांकनाची पद्धत विषय आणि रचना यांची गल्लत करणारी होती, म्हणजे तुमच्याकडून झाली तशीच चूक त्यांच्याकडूनही होत होती. विषयापासून रचना नीट वेगळी करणारी पुस्तिका १९८७ ला छापून आली. गिलिगनने १९८२ मध्ये दाखवलेलं एमीचं उदाहरण तुम्ही नीट वाचा. अकरा वर्षांची एमी म्हणते, चोरी करू नये, तो तुरुंगात गेला तर बायकोचं आणखी बिघडेल, त्यांनी बसून बोलून दुसरा मार्ग काढावा. त्याच वयाचा जेक मालमत्तेपेक्षा जीव मोठा असं तर्काने मांडतो, आणि एमी त्याच्यापेक्षा पूर्ण एक टप्पा खाली दिसते. मुलाखत घेणारा तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत राहतो आणि एमीचा आत्मविश्वास ढासळत जातो. गिलिगनचं म्हणणं असं की त्याने विचारलं “करावं की नाही”, आणि तिने उत्तर दिलं “चोरीच करावी की दुसरं काही”.

मुंबईत हा पेच रोज येणार. गोष्ट सांगून संपायच्या आत मूल म्हणेल, “केईएमला न्या ना, तिथे स्वस्तात होईल,” “सिद्धिविनायक ट्रस्टकडे अर्ज करा,” “चाळीत वर्गणी काढा.” या शहरात आजारपण असंच निभावलं जातं, त्यामुळे हे उत्तर टाळाटाळीचं नाही. गुणांकनात मात्र ते ‘पेच स्वीकारला नाही’ म्हणून गळतं. उपाय असा की मुलाखत दोन भागांत घ्या. पहिल्या भागात वाटा उघड्या ठेवा आणि मुलाने सुचवलेलं सगळं लिहून घ्या: कुणाशी बोलावं, कुणाची मदत घ्यावी, कुणाला दुखवू नये. यात न्यायाची भाषा किती आणि काळजीची किती, हे वेगळं मोजा. मग सांगा, “हे सगळं करून झालं, कुठेच जमलं नाही. आता?” टप्प्याचे गुण फक्त या दुसऱ्या भागाला द्यायचे. असं केल्याने गिलिगनचा मुद्दाही हरवत नाही आणि मोजमापही चालतं.

मात्र दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. लॉरेन्स वॉकरने १९८४ मध्ये तोपर्यंतचे अभ्यास एकत्र पाहिले, तेव्हा बहुसंख्य अभ्यासांत स्त्री-पुरुषांच्या टप्प्यांत फरक नव्हता, आणि जिथे होता तिथे बऱ्याचदा पुरुष जास्त शिकलेले किंवा नोकरीतले होते. तुमच्याकडे मुलगे इंग्रजी माध्यमाचे आणि मुली महापालिकेच्या शाळेतल्या, असं तर झालं नाही ना, हे आधी तपासा. पुढे २००० मध्ये जाफी आणि हाइड यांनी काळजीची आणि न्यायाची भाषा मोजणारे अभ्यास एकत्र केले. काळजीकडे स्त्रियांचा कल ०.२८ प्रमाण विचलनांनी जास्त, न्यायाकडे पुरुषांचा ०.१९ ने. फरक आहे, पण ०.२८ चा फरक म्हणजे दोन गटांचे आलेख सुमारे ८९ टक्के एकमेकांवर बसतात. एवढ्या फरकावरून समोरची मुलगी कशी विचार करेल ते सांगता येत नाही. शिवाय तीच व्यक्ती हाइन्झवर न्यायाची भाषा बोलते आणि मैत्रिणीशी झालेल्या भांडणावर काळजीची, म्हणजे प्रसंग कोणता निवडला याचा प्रभाव लिंगापेक्षा जास्त पडू शकतो.

तुमचा खरा अवघड भाग ‘घरच्यांचं कर्तव्य’ हा आहे. इथे वरची शिडी अर्ध्या वाटेपर्यंतच उपयोगी पडते. जोन मिलर आणि डेव्हिड बर्सॉफ यांनी १९९२ मध्ये म्हैसूर आणि अमेरिकेतल्या न्यू हेवन इथल्या मुलांना आणि प्रौढांना असे प्रसंग दिले, ज्यांत न्याय आणि नात्याची जबाबदारी एकमेकांच्या आड येतात. एका गोष्टीत एका माणसाला मित्राच्या लग्नाची अंगठी घेऊन दुसऱ्या शहरात वेळेवर पोहोचायचं आहे, त्याचं पाकीट चोरीला गेलंय, आणि शेजारच्या माणसाच्या कोटातलं तिकीट चोरलं तरच तो पोहोचू शकतो. अशा प्रसंगांत नात्याची जबाबदारी आधी मानणारे भारतात ८४ टक्के निघाले, अमेरिकेत ३९ टक्के. महत्त्वाचं म्हणजे, दोन्हीकडचा फरक नुसत्या निवडीत नव्हता. अनेक भारतीयांसाठी ही जबाबदारी चोरी न करण्याइतकीच बांधून ठेवणारी होती, तर अमेरिकनांना ती बऱ्याचदा ज्याची-त्याची मर्जी वाटली. कोहलबर्गच्या चौकटीत नात्यावर आधारलेलं उत्तर आपसूक तिसऱ्याकडे ओढलं जातं, कारण त्या चौकटीत वरचे टप्पे हक्क आणि करार यांच्याच शब्दांत लिहिलेत. ज्योत्स्ना वासुदेव यांनी भारतीय नमुन्यावर काम केलं, तेव्हा सर्व टप्पे भारतातही दिसले, पण अहिंसा आणि सर्व जीवांची एकता यांवर बेतलेली, उघड तात्त्विक पातळीची कारणं त्या पुस्तिकेत बसेनात. जॉन स्नेरी यांनी १९८५ मध्ये २७ देशांतले ४५ अभ्यास तपासले, त्यांचाही सूर असाच होता: खालचे टप्पे आणि त्यांचा क्रम सगळीकडे सापडतो, वरच्या टप्प्यांची व्याख्या मात्र शहरी पाश्चात्त्य विचाराकडे झुकलेली आहे.

म्हणून ‘कर्तव्य’ ऐकलं की दोन गोष्टी तपासा. पहिली: “त्याला स्वतःला तसं वाटत नसेल तरी करायला हवं का? दुसऱ्या गावात, दुसऱ्या जातीत, जिथे असं कुणी मानत नाही, तिथेही?” मूल “हो, तरीही” म्हणालं आणि कारण देऊ शकलं, तर ते नुसतं “लोक काय म्हणतील” नाही. दुसरी: हेच उत्तर मुलग्यांमध्ये किती आणि मुलींमध्ये किती आलं ते मोजा. दोन्हीकडे जवळपास सारखं असेल तर तुम्ही ज्याला लिंगाचा फरक समजत होतात, तो संस्कृतीचा आहे, आणि तुमच्या प्रकल्पातला सर्वांत मोलाचा निष्कर्ष तोच असेल.

‘पाप लागेल’ याचं काय? रिचर्ड श्वेडर, मनमोहन महापात्र आणि जोन मिलर यांनी भुवनेश्वर आणि शिकागो इथे ३९ वागणुकींबद्दल विचारलं होतं. वडील वारल्याच्या दुसऱ्या दिवशी थोरल्या मुलाने केस कापून घेतले आणि कोंबडी खाल्ली, हे भुवनेश्वरच्या ब्राह्मणांच्या लेखी सर्वांत गंभीर कृत्यांपैकी एक होतं. शिकागोकरांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. यावरून श्वेडर यांनी म्हटलं की नीती सगळीकडे हक्कांवर उभी नसते. काही ठिकाणी ती समूहावर आणि पावित्र्यावर उभी असते. यावर मानसशास्त्रज्ञ ट्युरिएल आणि सहकाऱ्यांनी घेतलेला आक्षेप मला इथे फार उपयोगी वाटतो. विधवेने मासे खाल्ले तर मृत पतीच्या आत्म्याला त्रास होतो असं कुणी खरोखर मानत असेल, तर त्याच्या लेखी हे कुणाला तरी इजा करणंच आहे. तिथे वेगळी आहे ती जगाबद्दलची माहिती. “इजा करू नये” हे तत्त्व वेगळं असेलच असं नाही. सुतक पाळणाऱ्या घरातल्या मुलाला म्हणूनच विचारा, “का पाप लागेल? कुणाला काय होईल?” “देव शिक्षा करेल” एवढंच आलं तर पहिला टप्पा. “आजोबांच्या आत्म्याला क्लेश होतील” आलं तर दुसऱ्याचं दुःख ओळखणारं, तिसऱ्याच्या जवळचं. आणि “काही होत नसलं तरी ते पवित्र आहे, ते मोडू नये” यावर मूल ठाम राहिलं, तर त्याला टप्प्याचा आकडा देऊ नका. त्यासाठी स्वतंत्र रकाना करा आणि उत्तर शब्दशः उतरवा.

दोन मर्यादा प्रबंधात स्पष्ट लिहा. तुम्ही तीन वयांची वेगवेगळी मुलं पाहिलीत, तीच मुलं मोठी होताना पाहिली नाहीत. त्यामुळे वयागणिक फरक सांगता येईल, टप्प्यांचा क्रम सिद्ध करता येणार नाही. आणि मूल काय करेल याबद्दल ही मुलाखत फार थोडं सांगते.

हातातल्या मुलाखतींचं सांगायचं तर, जिथे पहिल्या “का” नंतर तुम्ही थांबला आहात, तिथे गुणांकनच शक्य नाही. त्यांना अंदाजाने टप्पा देऊ नका. पालकांची संमती अजून लागू असेल तर त्या मुलांना पुन्हा भेटा, आणि मूळ गोष्ट पाठ झाली असणार म्हणून या वेळी हाइन्झऐवजी तिकिटाची गोष्ट घ्या: दादर स्टेशन, रात्रीची गाडी, रत्नागिरीला सकाळी मित्राचं लग्न, आणि मंगळसूत्र गोष्टीतल्या माणसाच्याच पिशवीत.